साठ दिवसांची बाकी

कागलला एका वस्तीच्या तोंडाशी माझ्या मामांचे किराणा दुकान आहे. तिथे उधारी घेणाऱ्यांत तीन प्रकारची घरे आहेत. काही जण औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. त्यांच्या हातात महिन्याच्या सात ते दहा तारखेच्या दरम्यान पैसा येतो. 1936 च्या वेतन कायद्याने हजाराहून कमी कामगारांच्या कारखान्याला सातवी आणि मोठ्या कारखान्याला दहावी तारीख घालून दिली होती, तीच रीत अजून चालू आहे. काही घरे दोन-तीन म्हशींच्या दुधावर चालतात. त्यांना दूध संस्थेचे बिल दर दहा दिवसांनी मिळते. तिसरी घरे उसाची. त्यांचा मोठा पैसा वर्षातून एकदा, तोड झाल्यावर येतो. मामांची वही या तिन्ही घरांना एकाच रेघेच्या पानावर लिहीत होती, आणि कोणाला कधी विचारायचे हे पानावर कुठेच नव्हते. ते मामांच्या डोक्यात होते.

मामांच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले आणि दुकान काही महिने मामी आणि माझा मामेभाऊ बघणार असे झाले, तेव्हा ही उधारी फोनवर आणायचे काम माझ्याकडे आले. मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहिते. तयार ॲप बाजारात आहेत, ती मी आधी बघितली. त्यांत कुणाकडून किती येणे ते दिसते, जमा-नावे मांडता येते आणि एका बटणावर आठवण जाते. मामांनी पंधरा मिनिटे फोन हाताळला आणि विचारले, "यात दुधाचं बिल कुणाचं कधी ते कुठं लिवायचं?" त्या एका प्रश्नामुळे मी छोटे का होईना, आपले ॲप लिहायचे ठरवले.

वही मात्र आधी नीट वाचावी लागली. प्रत्येक घराला एक पान, पानाला नंबर. वर नाव कमी आणि ओळख जास्त: बोअरजवळचे, टेम्पोवाले, नर्सबाई. डावीकडे नावे, उजवीकडे जमा, पान भरले की खाली बाकी काढून "पुढे नेले" आणि नव्या पानाचा नंबर. वस्तूंची नावे क्वचितच. बहुतेक ठिकाणी तारीख आणि आकडा. खरेदीची चिठ्ठी तारेत खोचलेली असायची आणि महिन्याने फेकली जायची. पैसे आले की मामा गिऱ्हाइकासमोर आकडा मोठ्याने वाचत, मग मांडत. भांडण न होण्याचे ते एक मोठे कारण होते, आणि ते ॲपमध्येही टिकवायला हवे हे मला सुरुवातीलाच कळले.

मामांना वाटत होते की उधारी वाढली आहे, पण ती कोणाकडे वाढली हे त्यांना सांगता येत नव्हते. मोठ्या आकड्यांची पाने त्यांनी मला दाखवली. त्यांत एक कारखान्यातले कामगार होते. महिन्याच्या सहा तारखेला त्यांच्याकडे नऊ हजार रुपये बाकी. त्यांचे घर महिन्याला साधारण साडेसात हजारांचा माल नेते, म्हणजे दिवसाला अडीचशेचा. नऊ हजार म्हणजे छत्तीस दिवसांचा माल: आधीचा पूर्ण महिना आणि चालू महिन्याचे सहा दिवस. आठ तारखेला पगार झाला की ते संपूर्ण बाकी चुकती करतात. या पानाची काळजी करण्याचे कारणच नव्हते.

दुसरे पान दूधवाल्या घराचे होते. बाकी सहा हजार आठशे. या पानाबद्दल मामा म्हणाले, "ते माणूस चोख हाय. दर बिलाला हजार रुपये ठेवून जातंय." ते खरेच होते. दर दहा दिवसांनी उजवीकडे एक हजार जमा, वर्षभर, जवळजवळ न चुकता. कोणत्याही ॲपने "शेवटचे पैसे कधी आले" एवढेच बघितले असते तर या घराला कधीच आठवण गेली नसती. पण त्याच पानांवरची नावेची बाजू मी बेरजेला घेतली, तर महिन्याचा माल तीन हजार चारशेचा निघाला. जमा तीन हजार. महिन्याला चारशे रुपये मागे पडत होते. वर्षापूर्वी बाकी दोन हजार होती, आता सहा हजार आठशे झाली होती.

हे रुपयांत बघितले तर चार हजार आठशेची वाढ, आणि मामांना ती जाणवली नव्हती, कारण कुठल्याही एका महिन्यात ती दिसत नाही. मी ती दिवसांत मांडली. आलेला पैसा सगळ्यात जुन्या मालाला लावत गेले, तर उरलेली बाकी नेहमी सगळ्यात अलीकडच्या मालाची असते. मामा तसेच धरत आले होते, आणि 1872 च्या करार कायद्यातही तसेच आहे: देणाऱ्याने वा घेणाऱ्याने वेगळे ठरवले नसेल तर रक्कम आधीच्या देण्याला आधी लागते. महिन्याचा माल तीन हजार चारशे आणि बाकी सहा हजार आठशे, म्हणजे बरोबर दोन महिन्यांचा माल उधार. वर्षापूर्वी हीच बाकी अठरा दिवसांची होती. अठराचे साठ झाले होते, तेही दर दहा दिवसांनी पैसे देणाऱ्या घराचे.

मामांनी हे ऐकले आणि वही आपल्याकडे ओढून घेतली. मग आम्ही रात्री बसून सगळी पाने अशीच दिवसांत काढली. मागच्या तीन महिन्यांचा माल, त्याची दिवसाची सरासरी, आणि बाकीला त्या सरासरीने भागायचे. ज्या चार-पाच पानांबद्दल मामा रात्री झोपेत चिंता करत होते, त्यातली निम्मी तीस-पस्तीस दिवसांची निघाली, म्हणजे पगाराच्या चक्रात बसणारी. आणि ज्यांच्याबद्दल ते कधी बोललेच नव्हते अशी काही छोटी पाने ऐंशी-नव्वद दिवसांना पोचली होती. दीड हजार रुपयांची बाकी मोठी वाटत नाही. पण महिन्याला पाचशेचाच माल नेणाऱ्या एकट्या आजींसाठी ती तीन महिन्यांची आहे, आणि त्या ती एका वेळी कधीच देऊ शकणार नाहीत.

सगळ्या दुकानाची उधारीही मग दिवसांत निघाली. उधार विक्री दिवसाला सुमारे नऊ हजारांची, एकूण येणे तीन लाख पंधरा हजार, म्हणजे पस्तीस दिवसांचे. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतून धान्य देणारे व्यापारी मामांना पंधरा दिवसांची मुदत देतात. मधल्या वीस दिवसांचा माल मामा स्वतःच्या पैशाने उभा करत होते. विक्रीतला नफा वजा करून मालाची खरेदी दिवसाला आठ हजार शंभर धरली तर ती रक्कम एक लाख साठ हजारांच्या आसपास जाते. पतसंस्थेचे चौदा टक्क्यांचे कर्ज मामांनी याच कामाला काढले होते. त्याचे व्याज महिन्याला साधारण अठराशे सत्तर रुपये. साखर आणि तेलावर सुटणारी रक्कम किती कमी असते हे ज्याला माहीत आहे, त्याला हे अठराशे सत्तर रुपये किती गोण्यांचा नफा खातात ते लगेच कळेल. मामांना उधारी बंद करायची नव्हती. ती बंद केली तर दुकानच बंद पडेल. त्यांना ते दिवस कमी करायचे होते.

म्हणून ॲपच्या पहिल्या पडद्यावर मी बाकीच्या रुपयांशेजारी तिचे दिवस ठेवले. माझ्या मते या सगळ्या कामात सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट तीच आहे. बाकीचे सगळे त्यातून निघाले.

वहीतून फोनवर जायचा दिवस कोणता, यावर घरात मतभेद होते. मामींना दिवाळीचा पाडवा हवा होता, कारण नवी वही पाडव्यालाच उघडतात. मुहूर्त म्हणून तो बरोबर आहे, पण दिवाळीत दुकानात उभे राहायला जागा नसते आणि उधारी वर्षातली सर्वांत जास्त असते. बाकी जितकी मोठी तितका पहिल्या आकड्यावर वाद जास्त. शेवटी पाडव्याला नव्या वहीबरोबर फोनलाही हळद-कुंकू लावले, आणि खाती प्रत्यक्ष हलवायला सुरुवात केली ती नंतरच्या महिन्यात, एकेक घर त्याच्या पैशाच्या दिवशी.

पगारदारांची खाती ज्या दिवशी त्यांनी बाकी चुकती केली त्याच दिवशी शून्यावर उघडली. तिथे वादाला जागाच नव्हती. दूधवाल्यांची खाती बिलाच्या दिवशी, त्यांनी पैसे दिल्यावर उरलेल्या बाकीने उघडली. जुन्या नोंदी एकही उतरवल्या नाहीत. गिऱ्हाइकासमोर पान उघडायचे, बाकी वाचायची, खाली रेघ मारून अक्षरी रक्कम लिहायची आणि त्यांची सही घ्यायची. मग तीच रक्कम ॲपमध्ये "मागील बाकी" म्हणून. सहीला काही जण बिचकले. मामांनी त्यांना सांगितले की ही सही दोघांसाठी आहे. उद्या दुकानावर मुलगा बसला आणि जास्त मागितले तर तुम्ही हे पान दाखवा. कायद्यातही या सहीला अर्थ आहे. नुसत्या वहीतल्या नोंदी पुरावा म्हणून चालतात, पण केवळ त्यांच्या जोरावर कोणावर देणे लादता येत नाही. आणि मुदत ठरलेली नसेल तर विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा करायला माल दिल्यापासून तीन वर्षेच मिळतात. त्या मुदतीत सही करून देणे मान्य केले तर ती सहीपासून पुन्हा मोजली जाते. मामा कधी कोर्टात जाणार नाहीत, पण जुन्या वह्या जपून ठेवायच्या हे मी त्यांच्याकडून वदवून घेतले.

साठ दिवसांच्या वरची खाती सगळ्यात शेवटी घेतली, आणि तिथे एक निर्णय फार महत्त्वाचा ठरला. मर्यादा घालायची म्हटली तर ही घरे पहिल्याच दिवशी मर्यादेच्या बाहेर. मग काय होते ते प्रत्येक दुकानदाराला ठाऊक आहे. ज्याच्याकडे बाकी तुंबली आहे तो माणूस दुकानासमोरून जायचे टाळतो, रोखीचा माल दुसरीकडून घेतो, आणि आपले जुने येणे तेवढे राहते. गिऱ्हाईकही गेले आणि पैसाही. म्हणून त्यांच्या बाकीचे दोन भाग केले: एक महिन्याच्या मालाइतकी रक्कम चालू खात्यात, उरलेली "जुनी बाकी" नावाच्या वेगळ्या खात्यात. जुन्या बाकीला मर्यादा नाही, फक्त हप्ता. चालू खात्याला मर्यादा.

त्या दूधवाल्या घराचा हिशेब असा झाला. तीन हजार चारशे चालू खात्यात, तीन हजार चारशे जुन्या बाकीत. घरातल्या वहिनी स्वतः बिल आणायला जातात, म्हणून बोलणे त्यांच्याशीच झाले. मामींनी त्यांना पान दाखवले: माल चौतीसशेचा, तुम्ही देता तीन हजार. वहिनींनी थोडा वेळ बोटांवर मोजले आणि म्हणाल्या, "म्हंजे आमी देतोय बी आणि बुडतोय बी." दर बिलाला हजाराऐवजी तेराशे द्यायचे ठरले. महिन्याला तीन हजार नऊशे. त्यातले चौतीसशे चालू मालाला, पाचशे जुन्या बाकीला. सात महिन्यांत जुनी बाकी संपते. म्हैस भाकड झाली की बिल अर्ध्यावर येते, तेव्हा हप्ता थांबवायचा, हेही त्यांनीच सांगितले. ॲपमध्ये "हप्ता थांबवला" असे बटण त्यांच्यामुळे आले, आणि त्याला कारण लिहावे लागते.

गल्ल्यावरची नोंद जलद व्हावी म्हणून मी आधी नावाने शोधायची सोय केली होती. संध्याकाळी सात ते साडेआठ दुकानात जी गर्दी असते त्यात मराठी नाव टाइप करायला कुणाला सवड नाही. मामांना मात्र सगळे पान नंबर पाठ होते. टेम्पोवाले म्हणजे सदतीस. तेव्हा वहीतला पान नंबर हाच खाते नंबर केला. ॲप उघडले की आकड्यांची पाटी: खाते नंबर, रक्कम, नावे किंवा जमा. नंबर टाकताच वर घराची ओळख मोठ्या अक्षरांत येते, ती मोठ्याने वाचायची. यादीच्या चिठ्ठीचा फोटो हवा असेल तर काढायचा, नाही तर सोडायचा.

एक रकाना मात्र मी सक्तीचा ठेवला: माल कोणी नेला. उधारीची भांडणे रकमेवरून फार कमी होतात, "हे आमच्यातलं कुणी नेलंच नाही" यावरून जास्त. नववीतला मुलगा शेंगदाणे न्यायला येतो आणि दोन थंड पेयेही लिहायला लावतो. खात्याशी घरातल्या माणसांची छोटी यादी जोडली आणि त्यावर बोट ठेवायचे. काही घरांनी स्वतःहून सांगितले की पोरांना खाऊ लिहू नका, मग त्या नावापुढे तशी खूण आली.

नोंद पुसायची सोय ॲपमध्ये नाही. चूक झाली तर उलटी नोंद करायची, दोन्ही दिसत राहतात. बाकी कुठेही साठवलेली नाही. दर वेळी सगळ्या नोंदींची बेरीज करून ती काढली जाते, त्यामुळे बाकी एक आणि नोंदी दुसरे काही सांगतात असे होऊ शकत नाही. सगळे फोनमध्येच राहते, नेट नसले तरी चालते, आणि रात्री दुकान बंद करताना त्याची प्रत मामेभावाच्या फोनवर जाते.

सुरुवातीला वही आणि ॲप दोन्ही चालू ठेवले. रात्री दोन्हीकडची दिवसाची बेरीज जुळवायची. फरक आला की मामी तो कसा शोधायचा हे जाणून होत्या; त्यांचे वडील सूतगिरणीत हिशेबनीस होते. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर आधी उलटे पडलेले आकडे शोधायचे, चोपन्नच्या जागी पंचेचाळीस. फरकाची निम्मी रक्कम एखाद्या नोंदीइतकी असेल तर ती नोंद जमाऐवजी नावे पडली आहे. फरक नेमका एका नोंदीइतका असेल तर ती राहून गेली आहे. बहुतेक वेळा राहून गेलेलीच असायची, आणि ती बहुतेक वेळा सकाळी दुधाच्या पिशवीबरोबर दिलेली ब्रेडची लादी असायची. रात्रीच्या बेरजेत एकही फरक सापडेनासा झाला तेव्हा वही बंद केली. खाते मर्जीने वहीवरच ठेवणाऱ्या काही म्हाताऱ्या माणसांसाठी त्यांच्या हातातली छोटी वही आजही मामी लिहून देतात, ॲपमधली नोंद करून झाल्यावर.

मर्यादा दिवसांत धरली, पण पडद्यावर ती रुपयांत दिसते, कारण गल्ल्यावर रुपयांतच बोलायचे असते. पगारदारांना चाळीस दिवस, म्हणजे पूर्ण महिना आणि पगार होईपर्यंतचे दहा. दूधवाल्यांना तीस, कारण एखादे बिल कापले गेले तरी मधे दोन बिले येतात. महिन्याला तीन हजार चारशेचा माल नेणाऱ्यांना त्यामुळे तीन हजार चारशे. घरात माणसे वाढली, माल वाढला, की तीन महिन्यांच्या सरासरीबरोबर मर्यादाही वाढते. एकाच रकमेची मर्यादा सगळ्यांना लावली असती तर मोठ्या कुटुंबाची अडचण झाली असती आणि एकट्या आजी कर्जात अडकल्या असत्या.

मर्यादा ओलांडली म्हणून ॲप नोंद अडवत नाही. यावर मी आणि मामेभावाने बराच वाद घातला. त्याला अडवायला हवे होते. मामांनी विचारले की चार माणसांसमोर तांदळाची पिशवी परत ठेवायला लावणार का. पडदा गिऱ्हाइकाकडे पाठ करून असतो, त्यामुळे रंग फक्त बसणाऱ्याला दिसतो, आवाज होत नाही. मर्यादा जवळ आली की पिवळा. ओलांडली की लाल, आणि मग नोंद करायला कारण निवडावे लागते: दवाखाना, पाहुणे, पगार लांबला, दूध कमी, इतर. तांदूळ, पीठ, तेल, बाळाची दूध पावडर लाल रंगातही द्यायची. बाकीचे रोखीने, आणि ते बोलायचे मामींनी, बाजूला घेऊन.

या कारणांची यादी मी मर्यादा पाळली जावी म्हणून ठेवली होती. तिचा खरा उपयोग महिनाअखेरीस कळला. एकाच वसाहतीतल्या पाच खात्यांवर त्या महिन्यात "पगार लांबला" होते, आणि ती पाचही माणसे एकाच ठेकेदाराकडे कामाला होती. त्यांच्या मागे लागून काही होणार नव्हते. मामांनी त्यांची मर्यादा स्वतःहून दहा दिवसांनी वाढवली आणि तेलाच्या व्यापाऱ्याकडून तेवढी मुदत मागून घेतली. दोघांच्या बोलण्यात आकडा होता, म्हणून व्यापाऱ्यानेही दिली.

आठवणीचा मेसेज हा भाग मला सर्वांत सोपा वाटला होता. नियम असा केला की बाकीच्या वयावर नव्हे, घरात पैसा येण्याच्या तारखेवर आठवण काढायची: पगाराच्या दुसऱ्या दिवशी, दूध बिलाच्या संध्याकाळी. पंचवीस तारखेला पगारदाराला आठवण करणे म्हणजे त्याच्याजवळ जे नाही ते मागणे, आणि मामांनी तसे कधी केले नव्हते. हे जमले. अडचण फोनच्या मालकाची होती.

मामींनी खात्यांच्या यादीवरून बोट फिरवत मला काही नंबर दाखवले. नंबर नवऱ्याचा, खाते बायकोचे. काही बायकांची दोन खाती होती: घराचे एक, आणि स्वतःच्या शिवणकामाच्या पैशातून चालणारे दुसरे, ज्याची घरात वाच्यता नव्हती. मुलीसाठी घेतलेला शाम्पू, माहेरच्या माणसांसाठी चहा-साखर. "आपल्याकडे इतकी बाकी आहे" असा मेसेज त्या फोनवर संध्याकाळी वाजला असता तर काय झाले असते ते मामींना सांगावे लागले नाही. शिवाय फोन लॉक असला तरी पडद्यावर ओळ दिसते आणि घरातले शाळकरी पोर ती मोठ्याने वाचते.

त्यामुळे प्रत्येक खात्याला विचारून ठरवले: मेसेज हवा की नको, हवा तर कोणत्या नंबरवर, रकमेसह की रकमेशिवाय. रकमेशिवायचा मजकूर मामींनीच सांगितला: "नमस्कार. तुमच्या खात्याचा हिशेब काढून ठेवला आहे. सवडीने दुकानावर या." ज्यांना मेसेज नको त्यांची नावे मामींच्या सकाळच्या यादीत येतात आणि त्या समोर भेटल्यावर बोलतात. ज्यांना प्रत्येक नोंदीची पावती हवी, असे पगारदारांपैकी बरेच निघाले, त्यांना ती रोज जाते.

मेसेज आपोआप जात नाहीत. ॲप सकाळी यादी तयार करते, मामा किंवा मामी एकेक नाव बघतात आणि आपल्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर पाठवतात. संगणकावरून एकगठ्ठा एसएमएस पाठवायचे तर दूरसंचार नियामकाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे नाव आणि मजकूर आधी नोंदवावा लागतो, एवढ्या दुकानाला ते परवडणारे नाही. पण ते परवडले असते तरी मी यादी माणसाच्या हातातच ठेवली असती. कुणाच्या घरी सुतक आहे, कुणाच्या मुलीचे लग्न मोडले आहे, कोण दवाखान्यात बसून आहे, हे मामींना दुपारपर्यंत कळलेले असते. त्या यादीवरचे नाव बाजूला सारतात, आणि ॲप ते आठ दिवसांनी पुन्हा विचारते.

उसाच्या घरांपुढे हे सगळे अपुरे पडले. ऊस कारखान्याला दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, पण चौदा दिवस मोजायला तोड कधी होईल ते माहीत हवे. एकाच शिवारात एकाची तोड नोव्हेंबरात होते, शेजाऱ्याची फेब्रुवारीत. पावसाळ्यात या घरांची बाकी दिवसांत काढली तर शंभराच्या वर जाते आणि त्यात काही चुकीचे नाही. त्यांच्या खात्याला मी दिवसांची मर्यादा लावलीच नाही. तिथे हंगामाची एक रक्कम आहे, ती मामा आषाढात त्या घराशी बोलून ठरवतात, आणि खात्यावर "तोड झाली" अशी खूण आहे. ती खूण केल्यापासून पंधराव्या दिवशी नाव सकाळच्या यादीत येते. खूण कोण करणार हा प्रश्न होता. ट्रॅक्टर दुकानावरूनच जातो, मामेभाऊ बघतो आणि करतो.

दुकानाची एकूण उधारी आता सत्तावीस दिवसांवर आली आहे. आठ दिवस कमी झाले, म्हणजे पासष्ट हजारांच्या आसपास मोकळे झाले, आणि ते पतसंस्थेत भरले. गिऱ्हाइके दोन गेली. दोन्ही नव्वद दिवसांच्या वरची होती आणि जुन्या बाकीचा हप्ता त्यांना मान्य नव्हता. त्यांची सहीची पाने मामांनी वेगळी बांधून ठेवली आहेत. दूधवाल्या वहिनींची जुनी बाकी अजून अकराशे आहे. मधे दोन महिने हप्ता थांबवला होता, कारण म्हणून मामींनी "दूध कमी" निवडले आहे, आणि चालू खाते तेव्हाही बत्तीस दिवसांच्या वर गेले नाही. मर्यादा तीसची. ते दोन दिवस मामांनी लाल रंगातच राहू दिले. आता म्हैस व्याली आहे, आणि मागच्या बिलाला वहिनींनी तेराशेऐवजी दीड हजार ठेवले.